बारा मुलाखतींतून निघालेली थीम विश्वासार्ह आहे हे कसं दाखवायचं?

प्रश्न: एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावात सात पालक आणि पाच शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. विषय: रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं (रापण) ओढून मासे धरणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची गैरहजेरी. वाक्यावाक्याला अर्थाचं लेबल लावत कोडिंग केल्यावर ‘पालकांची अनास्था’ ही मुख्य थीम आली. मार्गदर्शक सर म्हणतात, बारा जणांच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा, निदान दोघांचं कोडिंग किती जुळतं हे सांगणारा कप्पा नावाचा आकडा तरी काढून आणा. काय करू?

उत्तर:

कप्प्याचं नंतर बघू. तुमचं खरं दुखणं ‘अनास्था’ हे आहे. सरांनी आकड्याऐवजी या थीमवर बोट ठेवलं असतं तर तुम्ही जास्त अडचणीत आला असता.

लिखित मुलाखती पुन्हा काढा आणि एकच गोष्ट तपासा: ‘अनास्था’ हा कोड ज्या ज्या वाक्यांना लावलाय ती कोणाची आहेत? माझा अंदाज, बरीचशी शिक्षकांची निघतील. ‘यांना शिक्षणाचं काही पडलेलं नाही’ असं शिक्षक म्हणतो तेव्हा त्यातून पालकाविषयी पुरावा मिळत नाही, शिक्षक गैरहजेरीचं काय कारण लावतो याचा पुरावा मिळतो. म्हणून त्या वाक्याला कोड द्यायचा तो ‘शिक्षकाने लावलेलं कारण: पालकांना पर्वा नाही’ असा. लांबलचक वाटेल, वाटू दे. सुरुवातीचे कोड असेच बोलणाऱ्याच्या जवळचे असावेत. निवाडा देणारा शब्द पहिल्याच वाचनात कोड झाला की पुढचं सगळं त्यातच जाऊन बसतं.

आता पालकांकडे या. समजा एका आईचं वाक्य असं आहे: “शाळा उद्या पण आसतली. मासो उद्या आसतलो काय?” घाईत वाचलं तर हीच ती अनास्था. पण तिच्या वाक्यातून निदान दोन वेगळे कोड निघतात: ‘शाळा रोज असते’ आणि ‘मासळीचा दिवस आधी ठरत नाही’. त्याच मुलाखतीत पुढे रापण ओढायला गेलेल्या मुलालाही थोडा वाटा मिळतो असं आलं असेल, तर तो तिसरा. हे तीन शेजारी ठेवलेत की थीम वेगळीच दिसू लागते: ठरलेल्या वेळेची शाळा आणि न ठरलेल्या वेळेचं काम यांची टक्कर. त्यात पालकांना शिक्षण नको आहे असं कुठेच येत नाही. (मालवणी वाक्यं मालवणीतच ठेवा. प्रमाण मराठीत लिहून काढताना सूर हमखास बदलतो आणि मग कोडही बदलतो.)

ही नवी थीम तरी खरी कशावरून? १९८५ साली लिंकन आणि गुबा यांनी गुणात्मक संशोधनासाठी जे निकष मांडले, त्यांतला पहिला हाच: सांगितलेलं चित्र त्या लोकांच्या अनुभवाशी जुळतं का. ते तपासायला मुलाखतींच्या बाहेर जावं लागतं, आणि तुमच्या विषयात त्याची सोय चांगली आहे.

शाळेचा हजेरीपट घ्या. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढा आणि मुलांची नावं उतरवू नका. रापण कुठल्या तारखांना लागली ते रापण संघातल्या जाणत्या माणसाकडून किंवा त्यांच्या वाट्यांच्या वहीतून मिळालं तर बघा, आणि दोन्ही तारखा शेजारी मांडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रापणीच्या दिवशी तीच तीच मुलं गळत असतील तर तुमच्या थीमला आधार मिळाला. त्याहून महत्त्वाची उलट बाजूची तपासणी. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि रापण बंद असते. यांत्रिक नौकांनाही राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या काळातही ही मुलं तितकीच गैरहजर असतील, तर रापणीचं कारण एकटं पुरत नाही. अर्थात जुलैत मुसळधार पाऊस, भरलेले व्हाळ आणि लावणीही असते, त्यामुळे एका तपासणीवर निकाल देऊ नका. चतुर्थीची सुट्टी आणि तिच्या आगेमागेचे दिवस तर हिशेबातून वगळाच, त्या दिवसांत अख्खं कोकणच गैरहजर असतं.

निरीक्षणही हवं. रापणीच्या सकाळी किनाऱ्यावर थांबा. वहीत तीन रकाने करा: दिसलं, ऐकलं, मला वाटलं. ‘मुलगा कंटाळून ओढत होता’ हे तिसऱ्या रकान्यातलं; पहिल्यात जाईल ते ‘दोर सोडून दोनदा वाळूत बसला’ एवढंच. कच्च्या टिपणांवरून सविस्तर नोंद त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लिहिलीत तर पहिला आणि तिसरा रकाना एक होतात.

काढलेला अर्थ पालकांना परत दाखवावा असं बहुतेक पुस्तकं सांगतात. दाखवा, पण त्यावर फार विसंबू नका. तुम्ही शिकलेल्या, कदाचित शिक्षक म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या. समोरची बाई ‘तुमी लिवलास ता बरोबरच आसतला’ म्हणून चहा पुढे करील. म्हणून ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. ‘गावात कोणाला हे पटणार नाही?’ असं विचारा. या प्रश्नाला लोक खरं बोलतात.

आता बारा आणि कप्पा. बाराचा आकडा तुमच्या बचावाला येईल असं समजू नका. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा लेख बाराव्या मुलाखतीपर्यंत बहुतेक कोड येऊन जातात यासाठी सांगितला जातो, पण तो बऱ्यापैकी एकसारख्या गटाबद्दल आहे. तुमचे गट दोन आहेत, सातांचा आणि पाचांचा. शेवटच्या दोन पालकांच्या मुलाखतींत नवे कोड किती आले ते मोजून सांगा. येतच असतील तर आणखी पालकांकडे जा.

कप्पा एवढंच सांगतो, की एकच कोडयादी वापरणाऱ्या दोघांचं योगायोगापेक्षा किती जास्त जुळलं. तुम्ही आणि तुमची शिक्षक मैत्रीण, दोघींनी ‘अनास्था’ हाच कोड लावलात तर कप्पा झकास येईल आणि थीम तरीही चुकीचीच राहील. ब्रॉन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या पद्धतीने थीम काढली असेल तर सरांना सांगता येईल की त्या दोघींनी स्वतःच पुढे आपल्या पद्धतीसाठी असं जुळवाजुळवीचं मोजमाप योग्य नसल्याचं मांडलंय. सर तरीही अडून बसले तर काढून द्या, पण परिशिष्टात. त्यांच्या हाती खरं द्यायचं ते हे: एक तक्ता, ज्यात मूळ वाक्य, पहिला कोड, बदललेला कोड, बदलाची तारीख आणि कारण. ‘अनास्था’ का मोडली ते त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. सरांनी मधलं कुठलंही वाक्य उचलून ‘हे इथे कसं आलं?’ विचारलं तर तक्त्यावरून उत्तर देता यायला हवं.

आणि एक घर नक्की शोधा: बाप रापणीवर, पण पोराचा खाडा जवळपास नाही. असं घर सापडलं तर तुमची थीम त्याला लागू पडत नाही, आणि म्हणूनच तिथे सर्वात जास्त वेळ बसा. त्या घरात दोर ओढायला दुसरं कोण आहे, मुलाचा वाटा बुडाला तर काय होतं, आणि त्याला न नेण्याचं कोणी ठरवलं, एवढं विचारा. उत्तरं थीममध्ये बसली नाहीत तर थीम बदला, आणि ते कसं बदललं तेही त्याच तक्त्यात लिहा.