जकातचे प्रश्न पुन्हा लिहिताना

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम. मकतबच्या मुलांसाठी पाच अरकानांवर तू काढलेले प्रश्न वाचले. कलमा, नमाज, जकात, रोजा, हज, सगळ्यांवर सारखेच प्रश्न आहेत आणि तथ्यांची चूक जवळजवळ कुठे नाही. तरी पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलाला उद्या त्याच्या वडिलांनी विचारलं, "आपल्यावर यंदा जकात किती?", तर तो गप्प बसेल. ‘फर्ज नमाजा किती’, ‘रोजे कोणत्या महिन्यात’ यांची उत्तरं पाठ असली की काम भागतं. पाचही अरकानांबद्दल एका पत्रात लिहिणं जमणार नाही, म्हणून जकात घेऊन बसतो. समज आणि पाठांतर यांतलं अंतर तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

तुझा पहिलाच प्रश्न असा आहे: ‘जकातचा दर किती?’ पर्याय अडीच, पाच, दहा आणि वीस टक्के. तू अडीचवर खूण केलीस. पण उरलेले तिन्ही आकडे फिकहमध्ये खरेच आहेत. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकावर दहावा हिस्सा द्यायचा, स्वतः खर्च करून पाणी दिलेल्या पिकावर विसावा, आणि जमिनीत सापडलेल्या जुन्या पुरलेल्या धनावर पाचवा. म्हणजे जास्त शिकलेलं मूल इथे थबकेल आणि फक्त ‘अडीच’ ऐकलेलं मूल झटकन गुण घेऊन जाईल. खालच्या वर्गाला बक्षीस आणि वरच्याला शिक्षा देणारा प्रश्न काढूनच टाकायचा.

त्याच आकड्यांतून चांगला प्रश्न निघतो. दोन शेतकऱ्यांना सारखंच भात झालं, दोघांचंही निसाबच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या, बरंच वर. एकाचं पावसावर पिकलं, दुसऱ्याने पंप लावून, पैसा ओतून पाणी दिलं. पहिल्याने दहावा हिस्सा द्यायचा आणि दुसऱ्याने विसावा, हे प्रश्नातच सांगून टाक आणि कारण विचार. पाण्यासाठी कष्ट आणि खर्च पडला की हक्काचा हिस्सा कमी होतो, हे ज्याला उमगलं तोच बरोबर पर्याय निवडेल. आकडा आठवायची गरजच उरत नाही.

ही पहिली सवय लावून घे: जे पाठ करून येतं ते प्रश्नाच्या मजकुरातच देऊन टाकायचं. निसाब साडेबावन्न तोळे चांदी की साडेसात तोळे सोनं, आणि आजच्या भावाने त्याचे रुपये किती, हे माहीत असलं पाहिजेच, पण ते तोंडी विचारता येतं. बहुपर्यायी प्रश्नात सरळ लिही: ‘या वर्षी निसाब 60,000 रुपये धरा.’ मग मुलाचं सगळं लक्ष नियम लावण्याकडे जातं.

आता एक प्रश्न पूर्ण बांधून दाखवतो.

‘रशीदचं राहतं घर 20 लाखांचं आहे आणि रोज कामावर जायची मोटारसायकल 80,000 रुपयांची. चालू खात्यात 1,20,000 रुपये आहेत आणि ही रक्कम पूर्ण एक चांद्र वर्ष जशीच्या तशी पडून आहे. त्याच्यावर कर्ज नाही. वर्षभरात पगारातून त्याने गरजूंना सदका म्हणून 3,000 रुपये दिले, ते त्यांनी खर्चही केले. निसाब 60,000 रुपये धरा. आता त्याने जकात किती द्यावी?’

पर्याय चढत्या क्रमाने: काहीच नाही, 1,500, 3,000, 55,000. उत्तर 3,000.

प्रत्येक चुकीचा आकडा कुठून आला ते बघ. 55,000 हा घर, गाडी आणि रोकड यांच्या एकूण 22 लाखांचा चाळिसावा हिस्सा. गरजेच्या वस्तूंवर जकात नसते हे ज्याला ठाऊक नाही, तो तिथे जाईल. 1,500 येतात ते 1,20,000 मधून निसाब वजा करून. ही चूक मोठी माणसंही करतात, कारण प्राप्तिकरात ठरावीक रकमेपर्यंत सूट असते आणि वरच्या रकमेवर कर लागतो, तोच हिशेब ते इथे लावतात. निसाब हा उंबरठा आहे. तो ओलांडला की सगळ्या रकमेवर जकात लागते. आणि ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याला वाटतं की 3,000 तर दिलेच आहेत, हिशेब मिटला. त्याला नियतचा अर्थ समजलेला नाही. नुसता सदका म्हणून दिलेला पैसा मागाहून जकातीत मोजता येत नाही. दोन्ही रकमा मी मुद्दाम सारख्या ठेवल्या, म्हणजे ही गैरसमजूत असेल तर ती लपणार नाही.

म्हणून पर्याय लिहिताना आधी गैरसमजूत शोधायची आणि तिचा हिशेब करून आकडा काढायचा. आकडा आधी सुचला आणि त्यामागे कोणतीच समजूत सापडेना, तर तो पर्याय नुसती जागा अडवतो. एखाद्या प्रश्नाला तीनच पर्याय सुचले तर तीनच ठेव. ‘वरीलपैकी सर्व’ घालून चार करू नकोस. दोन पर्याय बरोबर वाटले की मूल तिसऱ्याचा विचारही न करता त्यावर खूण करतं.

रशीदच्या प्रश्नातले काही शब्द तुला जास्तीचे वाटतील. ‘चालू खात्यात’ का? मुदत ठेव लिहिली असती तर हुशार मुलाने व्याजाचा विचार केला असता, आणि तो बरोबरच ठरला असता. ‘खर्चही केले’ का? हनफी फिकहप्रमाणे दिलेला पैसा गरजूच्या हातात अजून शिल्लक असेल तोवर जकातची नियत करता येते. ती वाट बंद केली नसती तर ‘काहीच नाही’ या उत्तरालाही आधार मिळाला असता. ‘पूर्ण वर्ष जशीच्या तशी’ का? हनफींच्या मते वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे, मधे घट झाली तरी चालते. शाफईंच्या मते रोख रकमेचा निसाब वर्षभर टिकायला हवा. रक्कम हललीच नाही तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं.

हा मुद्दा तुझ्या वर्गासाठी फार मोलाचा आहे. आपल्या कोकणातले, रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शाफई आहेत, आणि देशावरून, मराठवाड्यातून आलेली बहुतेक घरं हनफी. शहरातल्या मकतबात दोघांची मुलं एकाच बाकावर बसतात. तुझा अकरावा प्रश्न विचारतो, ‘सलमाकडे अंगावर वापरायचे दहा तोळे सोन्याचे दागिने आहेत, तिच्यावर जकात आहे का?’ हनफी घरातली मुलगी ‘हो’ म्हणेल, कारण त्यांच्याकडे वापरातल्या सोन्या-चांदीवरही जकात आहे. शाफई घरातली ‘नाही’ म्हणेल, कारण त्यांच्याकडे रिवाजाप्रमाणे वापरायच्या दागिन्यांना ती लागू नाही. दोघी आपापल्या घरी जे पाहिलं ते बरोबर सांगतायत आणि तुझी उत्तरपत्रिका एकीला चूक ठरवते. हे होऊ देऊ नकोस. एकतर ‘शाफई मसलकाप्रमाणे’ असं स्पष्ट लिही, नाहीतर ज्यावर दोघांचं एकमत आहे तेच विचार. कर्जाचंही तसंच. हनफी हिशेबात देणं वजा होतं, शाफईंच्या प्रबळ मतानुसार होत नाही. रशीदला मी कर्जमुक्त ठेवला तो यासाठी.

रोज्यांसाठी एक प्रश्न सुचवतो. त्यात दोन माणसं शेजारी उभी कर. एकाने रोजा आहे हे विसरून पाणी प्यायलं, आठवताच थांबला. दुसऱ्याला रोजा पक्का आठवत होता, पण ढगांमुळे सूर्य मावळला असं वाटून त्याने खजूर खाल्ला आणि मग ऊन पडलं. जाणूनबुजून दोघांनीही काही केलं नाही, म्हणून मुलं दोघांना एकच उत्तर देतात. पण विसरलेल्याचा रोजा शाबूत राहतो, आणि चुकीच्या अंदाजाने सोडणाऱ्याला त्या दिवसाचा कजा ठेवावा लागतो, हे हनफी आणि शाफई दोघांनाही मान्य आहे. विसरणं आणि अंदाज चुकणं यांतला फरक ओळखता येतो का, एवढंच इथे तपासलं जातं.

हजवर एकच पुरे: रमजानमध्ये उमरा करून आलेल्याचा फर्ज हज उतरला का? त्या उमऱ्याचा सवाब हजइतका असल्याची हदीस बऱ्याच मुलांनी ऐकलेली असते आणि त्यातूनच ‘उतरला’ हे उत्तर येतं. सवाब मिळणं वेगळं आणि फर्ज अदा होणं वेगळं.

कलम्यावर आणि नमाजच्या अदायगीवर मात्र असे प्रश्न थोडेच ठेव. कलम्याचा अर्थ विचारता येतो, पण कोणाचं ईमान खरं हे ठरवायला लावणारा प्रसंग कधीच घालू नकोस. वजू आणि रुकू-सजदा बघूनच तपासायचे असतात, कागदावर नाही.

चाचणी झाली की फक्त गुण मांडून थांबू नकोस. प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय किती मुलांनी निवडला ते लिहून काढ. जो पर्याय कोणीच घेतला नाही तो पुढच्या वेळी बदल. जिथे एरवी चांगले गुण मिळवणारी मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर गेली असतील, तिथे आधी तुझा प्रश्न तपास. बहुतेकदा मजकुरात एखादी वाट उघडी राहिलेली असते, नाहीतर मसलकाचा फरक आड आलेला असतो. आणि बरोबर उत्तर दिलेल्या दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन ‘का?’ असं विचार. ‘तोच पर्याय सगळ्यांत लांब होता’ असं उत्तर मिळालं, तर पर्यायांची लांबी सारखी करून घे.

रशीदचा प्रश्न वर्गात एकदा सोडवून घेतलास की तोही पाठ होतो. पुढच्या परीक्षेत नुसते आकडे बदलून चालणार नाही, रचना बदलावी लागेल. उदाहरणार्थ, हिशेब बरोबर करून दे आणि जकात कोणाला देता येईल ते विचार: गरीब भाऊ, गरीब वडील की गरीब मुलगा? ज्यांचा सांभाळ आपल्यावरच आहे त्यांना आपली जकात देता येत नाही, स्वतंत्र राहणाऱ्या गरजू भावाला देता येते. नातं जितकं जवळचं तितका हक्क मोठा, असं समजणारी मुलं तिथे सापडतील.

जकातचे दहा प्रश्न आधी नव्याने लिही आणि मला पाठव. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे, तो निवडणारं मूल काय समजून बसलं असेल ते एका ओळीत लिही. ज्या पर्यायापुढे ओळ लिहिता येणार नाही तो पर्याय तूच खोड. मग ते प्रश्न एका हनफी आणि एका शाफई आलिमांना वेगवेगळे दाखव, उत्तरं न सांगता. दोघांची उत्तरं जुळली तेवढेच प्रश्न रमजानच्या चाचणीत घे. जकातचा हिशेब घरोघरी तेव्हाच मांडलेला असतो.

तुझा,
दुआगो