इटालियनमध्ये ‘से’नंतर नक्की काय लावायचं?

प्रश्न: ‘वेळ असता तर आले असते’ याचं इटालियन भाषांतर मी दोन ठिकाणी दोन वेगळं वाचलंय. बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर. घोळ मराठीचा आहे, कारण आपलं ‘असता तर... असते’ आजच्याबद्दलही चालतं आणि गेल्या वर्षीच्या लग्नाबद्दलही, पण इटालियन माणूस तिथे तुम्हाला निवड करायला लावतो. म्हणून मी आधी मराठी वाक्यातच ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ घालून बघते.

‘आत्ता वेळ असता तर आले असते’ म्हणजे वेळ नाहीये, पण मिळणं अशक्य नाही. मग से आवेस्सी तेंपो, वेर्रेई. ‘से’च्या बाजूला कोंज्युंतीवोचा इंपेरफेत्तो, दुसऱ्या बाजूला साधा कोंदीत्स्योनाले. ‘तेव्हा वेळ असता तर’ म्हणजे गाडी सुटली, आता काही होत नाही, तर दोन्हीकडे एकेक पायरी मागे जायचं: से आवेस्सी आवूतो तेंपो, सारेई वेनूता. इथे सहायक क्रियापद एस्सेरे आहे म्हणून बाई वेनूता म्हणणार, पुरुष वेनूतो, आपल्या आले असते/आलो असतो सारखंच, त्यामुळे हे आपल्याला जड जात नाही.

आणि ‘वेळ असेल तर येईन’ ही खरी अट, तिथे कोंज्युंतीवो नकोच. से ओ तेंपो, वेंगो, किंवा दोन्हीकडे भविष्यकाळ, से आव्रो तेंपो, वेर्रो. फक्त ‘वेळ मिळाला तर येईन’ मधला ‘मिळाला’ बघून भूतकाळ टाकू नका, तो आपल्याकडे दिसायलाच भूतकाळ आहे.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, मी पहिल्याच टेस्टमध्ये केलेली. मराठीत दोन्ही बाजूंना ‘असता-असते’ असं जोडीने येतं ना, शाळेतला तो संकेतार्थ, तर मी पण दोन्हीकडे कोंदीत्स्योनाले लावून से आव्रेई तेंपो, वेर्रेई लिहून आले. मॅडमनी आव्रेईवर लाल गोल काढला. असल्या वाक्यात अटीच्या ‘से’ला कोंदीत्स्योनाले कधीच चिकटत नाही, तो परिणामाच्या बाजूलाच. इटालियन लोकांच्याही तोंडी ही चूक येते आणि त्यावरून त्यांचीही खिल्ली उडते, तेवढाच दिलासा. (‘येशील का ते माहीत नाही’ मधलं ‘का’ पण इटालियनमध्ये ‘से’च असतं, तो वेगळा, तिथे हा नियम लागत नाही.)

बोलताना लोक से लो सापेवो, वेनीवो म्हणतात, म्हणजे ‘माहीत असतं तर आले असते’, दोन्हीकडे साधा इंपेरफेत्तो. ऐकून समजून घ्या, परीक्षेत लिहू नका.

अजून एक, आंद्रेमो म्हणजे जाऊ आणि आंद्रेम्मो म्हणजे गेलो असतो, फरक फक्त एका जास्तीच्या म चा. तिथे थोडं थांबून म दाबून म्हणा, नाहीतर समोरचा खरंच बॅग भरेल.