इन्व्हर्टर बॅटरीचं वॉरंटी कार्ड एका पानात कसं बसवायचं?

प्रश्न: इन्व्हर्टरची नवी बॅटरी घेतली. वॉरंटी कार्ड चार पानांचं आणि अक्षर मुंगीएवढं. गावी आईबाबांना एका पानावर मराठीत लिहून द्यायचंय की काय कव्हर आहे, काय नाही, किती दिवस आणि क्लेम कसा करायचा. काय ठेवू आणि काय गाळू?

उत्तर:

सुरुवात मुदतीपासून करा. कार्डात ती मधेच कुठेतरी दडलेली असते, पण बाकीचं सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. बॅटरी कुठल्या तारखेला गेली यावर नवी फुकट मिळणार की नुसती सूट मिळणार, हे ठरतं.

मी मिरजेत बॅटरीच्या दुकानात अकरा वर्षं काउंटर सांभाळतेय. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद एकाच आकड्यावरून होतात. बॅटरीवर ठळक छापलेलं असतं "60 महिने", आणि घरी गेल्यावर त्याचं होतं "पाच वर्षं गॅरंटी". कार्ड उघडलं तर आत 36+24 लिहिलेलं सापडतं. पहिले 36 महिने फ्री रिप्लेसमेंट, म्हणजे दोष निघाला तर बॅटरी बदलून मिळते. पुढचे 24 महिने प्रो-राटा, म्हणजे नवी बॅटरी विकतच घ्यायची, फक्त किमतीत काही टक्के सूट. काही मॉडेलना 24+24 असतं, काहींना 48 महिने सलग फ्री. म्हणून तुमच्या कार्डावर मॉडेलचं नाव शोधून त्याच ओळीतला आकडा घ्या, शेजारच्या ओळीतला नको.

आणि महिने लिहू नका, तारखा लिहा. बिल 14 ऑगस्ट 2025 चं आणि मुदत 36+24 असेल, तर "13 ऑगस्ट 2028 पर्यंत फुकट बदलून" आणि "13 ऑगस्ट 2030 पर्यंत सूट" अशा दोन ओळी. महिने मोजत बसायची वेळ वडिलांवर येऊ नये.

मुदतीतल्या दोन गोष्टी लोक हमखास गाळतात. पहिली म्हणजे मुदत कधीपासून मोजायची. साधारणपणे बिलाच्या तारखेपासून, पण बऱ्याच कार्डांत असं असतं की बिल दाखवता आलं नाही तर कारखान्यात बनल्याच्या महिन्यापासून धरणार. तो महिना सिरियल नंबरातच दडलेला असतो. बॅटरी दुकानात चार-पाच महिने पडून राहिली असेल तर तेवढे महिने तुमचे गेले. दुसरी गोष्ट बदलून मिळालेल्या बॅटरीची. तिला नवी वॉरंटी लागत नाही, जुनीचीच उरलेली मुदत चालू राहते. 2027 मध्ये बॅटरी बदलून मिळाली तरी फुकटची शेवटची तारीख 13 ऑगस्ट 2028 च.

आता प्रो-राटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण "सूट" या एका शब्दात ते मावत नाही. ही सूट छापील किमतीवर मिळते, बाजारभावावर नाही. समजा त्या दिवशी बॅटरीची एमआरपी 18,000 आहे आणि दुकानदार एरवी ती 14,000 ला देतो. कार्डाप्रमाणे सूट 30 टक्के बसली, तर तुम्ही 12,600 भरणार. म्हणजे 1,400 वाचले. पण क्लेममध्ये जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते. क्लेम न करता तीच एक्स्चेंजला दिली आणि तिचे 3,000 आले, तर नवी पडते 11,000 ला. क्लेम केल्यामुळे खिशातून 1,600 जास्त गेले. आकडे गावोगाव बदलतील, पण हिशोब असाच करायचा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी सर्व्हिस सेंटरला तीन खेपा घालून सूट मिळवली, आणि हा हिशोब त्यांना नंतर कळला. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते. तुमच्या कागदावर दुसऱ्या तारखेपुढे एवढंच लिहा: "क्लेम करण्याआधी दुकानात एक्स्चेंजचा भाव विचारा."

कव्हर काय आहे, हे कार्डात दीड पान असलं तरी अर्थ एकच आहे. बनवताना राहिलेला दोष. त्यामुळे ही ओळ छोटीच राहील. मात्र तो दोष ठरवतात कसा, हे आईबाबांना माहीत हवं, नाहीतर "बॅटरी नीट आहे" असं ऐकून ते हिरमुसतील.

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. टेक्निशियन आधी बॅटरी पूर्ण चार्ज करतो, मग प्रत्येक सेलमधलं ॲसिड हायड्रोमीटरच्या नळीत ओढून घनता वाचतो. आतला तरंगणारा काटा कुठे थांबतो ते तो लिहून घेतो. पूर्ण चार्ज ट्यूब्युलर बॅटरीत आकडा 1.240 च्या आसपास यायला हवा. पाच सेल 1.240 आणि एकच 1.150 वर अडकला, तर तो सेल गेला. हा दोष, क्लेम बहुधा पास. पण चार्ज करण्याआधी सहाही सेल सारखेच खाली असतील आणि चार्ज केल्यावर वर आले, तर टेक्निशियन म्हणतो की बॅटरी नुसती उतरलीय किंवा चार्जिंग अपुरं पडतंय. ते कव्हरमध्ये येत नाही. अशा वेळी दोष बॅटरीत नाही, इन्व्हर्टरच्या चार्जिंगमध्ये किंवा तासन्‌तास लाइट जाण्यात शोधावा लागतो.

काय कव्हर नाही, ही यादी सगळ्यात लांब असते आणि तीच बहुतेक जण जशीच्या तशी उतरवून काढतात. तसं करू नका. तिचे दोन ढीग करा. घरच्यांच्या हातात नसलेल्या गोष्टी (आग, पूर, वीज पडणं, वाहतुकीत फुटणं) एका ओळीत संपवा. ज्या त्यांच्या हातात आहेत त्या मात्र कृती म्हणून लिहा. कार्ड म्हणतं "अशुद्ध पाण्यामुळे झालेली हानी वगळली आहे". तुम्ही लिहा, "बॅटरीत फक्त दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घालायचं."

हा पाण्याचा मुद्दा मोठ्या अक्षरात हवा. नळाचं नाही, बोअरचं नाही, आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात थोडे क्षार उरतातच. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध समजून घालणारे पुष्कळ आहेत, त्यात कॉइलवरची घाण उतरलेली असते. सेलमधलं ॲसिड नळीत लालसर किंवा गढूळ दिसलं की टेक्निशियन ते रिपोर्टात लिहितो आणि क्लेम तिथेच अडकतो. पाणी कमी झालं म्हणून वरून ॲसिड घालणं तर अजिबात नको. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. झाकणावरचे पांढरे फ्लोट खालच्या खुणेपर्यंत उतरले की पाणी घालायचं आणि वरच्या खुणेला थांबायचं. जास्त भरलं तर चार्जिंगच्या वेळी ॲसिड बाहेर येतं.

याच ढिगात आणखी तीन गोष्टी. गावातल्या मिस्त्रीला बॅटरी उघडू देऊ नका. सिरियल नंबरचं स्टिकर किंवा कोरलेला आकडा घासू नका. आणि घरची बॅटरी ट्रॅक्टरला किंवा ई-रिक्षाला लावू नका, एका दिवसापुरतीही नाही.

थोडक्यात लिहिताना लहान शब्दांना जपा. "फक्त", "किंवा", "आणि", "जे आधी होईल ते" हे शब्द गळले की अर्थ उलटतो. कार्डात "बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड" असेल आणि तुम्ही "बिल किंवा कार्ड" लिहिलंत, तर वडील एकच कागद घेऊन जातील आणि परत येतील. अशा ओळी लिहून झाल्या की बोट ठेवून मूळ कार्डाशी ताडून पाहा.

शेवटी कागद साधारण असा दिसेल:

तारखा: 13 ऑगस्ट 2028 पर्यंत दोष निघाला तर फुकट बदलून. त्यानंतर 13 ऑगस्ट 2030 पर्यंत छापील किमतीवर सूट, आधी एक्स्चेंजचा भाव विचारा. बदलून मिळाली तरी तारखा याच.

कव्हर: बनवताना राहिलेला दोष. नुसती उतरलेली बॅटरी यात नाही.

आपण सांभाळायचं: फक्त डिस्टिल्ड वॉटर, वरच्या खुणेपर्यंत. ॲसिड नाही. बॅटरी उघडायची नाही, दुसरीकडे लावायची नाही, नंबर घासायचा नाही. आग, पूर, फुटणं कव्हर नाही.

क्लेम: बिल, कार्ड आणि सिरियल नंबर हाताशी घ्या. कार्डावरच्या नंबरला फोन करून तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक इथे लिहा. तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या.

फोनच्या आधी बॅटरी उचलून नेऊ नका. पन्नास-साठ किलोचं ओझं असतं, आणि नेण्याआणण्याचा खर्च कोणाचा हे कार्डात बघून क्लेमच्या ओळीत घाला, बऱ्याच कार्डांत तो गिऱ्हाइकावर असतो. चार्जिंग आणि तपासणीला एक-दोन दिवस जातात. तेवढ्यासाठी दुसरी बॅटरी देता का, हे फोनवरच विचारायला सांगा. तक्रार मुदतीच्या आतच नोंदवलेली हवी. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून तारीख उलटलेले लोक मी पाहिलेत.

बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच फोटो काढून ठेवा, वर्षभरात अक्षरं उडतात. त्याच फोटोंत सिरियल नंबरचाही एक असू द्या, कारण ट्रॉलीत बसवल्यावर तो भिंतीकडे जातो आणि वाकून वाचणं वयस्कर माणसाला जमत नाही.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर थांबू नका. सहा सेलचे सहा आकडे आणि नाकारण्याचं कारण लेखी मागायचं. कार्डाच्या तळाशी "कंपनीचा निर्णय अंतिम" असं असतं, पण त्या वाक्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तो कागदाच्या अगदी खाली लिहा. एक सेल खाली आणि पाच नीट असं त्या रिपोर्टात दिसत असेल, तर तक्रारीत सगळ्यात आधी तेच आकडे सांगा.