मशीन लर्निंगकडे वळताना: टायटॅनिक सोड, इंजिनं धर

"दादा, पुण्यात सहा वर्षं जावा बॅकएंडवर आहे. जर्मनीत येऊन मशीन लर्निंगमध्ये जायचंय. गणित किती लागेल? आधी एम.एस. करू का? टायटॅनिक आणि एमनिस्टचे, सगळे सुरुवातीला करतात ते सरावाचे प्रोजेक्ट झालेत."

एम.एस.चं नंतर बघ. मी स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत बॅकएंडवालाच म्हणून आलो आणि दोन वर्षांनी आतल्या आतच सरकलो. डेटावाल्यांचं मॉडेल लॅपटॉपवर छान चालायचं, पण सर्व्हरवर चढवायला कुणी नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं आणि मग हळूहळू मॉडेलही. सहा वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून नवख्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हा रस्ता मला बरा वाटतो. ब्लू कार्डसाठी, म्हणजे इथे नोकरी करत राहायच्या परवान्यासाठी, परदेशी पदव्यांच्या `anabin` या जर्मन यादीत तुझं विद्यापीठ `H+` म्हणजे मान्यताप्राप्त दाखवतंय का आणि तुझी पदवी तिथे कशी नोंदवलीय, एवढं आजच बघून ठेव.

आता गणित. मी कुठे आपटलो ते सांगतो, म्हणजे कुठलं गणित लागतं ते आपोआप कळेल.

काम होतं पॅकिंग मशीन बंद पडण्याआधी इशारा द्यायचं. तीस मशीनं, दर दहा मिनिटांनी तापमान, कंपन वगैरे नोंदी. मी सगळ्या नोंदी पिसल्या, वीस टक्के चाचणीला काढल्या आणि आकडे इतके सुंदर आले की मीच पेढे वाटायच्या बेतात होतो. नव्या मशीनवर लावलं आणि मॉडेल आंधळं निघालं. कारण साधं होतं. एकाच मशीनच्या 10:00 आणि 10:10 च्या नोंदी जवळजवळ जुळ्या असतात. एक शिकवायला गेली, दुसरी परीक्षेला आली. मॉडेल बिघाड ओळखायला नव्हे, मशीन ओळखायला शिकलं होतं. वाटणी नोंदींची नाही, मशीनची करायला हवी होती:

```python
from sklearn.model_selection import GroupKFold
cv = GroupKFold(n_splits=5)
for tr, te in cv.split(X, y, groups=machine_id):
    model.fit(X[tr], y[tr])
    print(model.score(X[te], y[te]))
```

पाच आकडे एकमेकांपासून खूप लांब पडले, तर सरासरी सांगत फिरू नकोस. प्रत्येक वाटणीच्या चाचणीत हजारो ओळी असल्या तरी तीसपैकी मशीनं सहाच आहेत, आणि तुझा नमुना जवळपास सहाचाच. एकमेकींवर अवलंबून असलेल्या नोंदी मोजून खात्री वाढत नाही, ही संख्याशास्त्रातली गोष्ट मला कॉलेजात कुणी अशी सांगितली नव्हती.

पुढचा धडा देखभालवाल्या म्हाताऱ्या फोरमनने दिला. समज, दिवसाला 2000 नोंदी, त्यातल्या 20 खऱ्या बिघाडाआधीच्या. मॉडेल 20 पैकी 16 पकडतं आणि उरलेल्या 1980 पैकी फक्त 5 टक्क्यांवर उगाच ओरडतं. कानाला छान लागतं ना? पण 5 टक्के म्हणजे 99 खोटे इशारे. एकूण 115 इशाऱ्यांत खरे 16, म्हणजे सातात एक. फोरमनने तिसऱ्या दिवशी भोंगा बंद केला. (त्याचं काही चुकलं नाही.) आणि कधीच न ओरडणारं मॉडेल 99 टक्के अचूक ठरलं असतं! म्हणून सशर्त संभाव्यता आणि बेजचा नियम हे कागदावर, बोटांवर यायला हवं. बाकी गणितापेक्षा मला हेच जास्त उपयोगी पडलं.

रेषीय बीजगणित आणि कलन लागतं, पण बेताचं. लॉजिस्टिक रिग्रेशन नुसत्या `numpy` मध्ये लिही. ग्रेडियंट `X.T @ (p - y) / n` का येतो ते हाताने काढ, मग प्रत्येक वजन 0.00001 ने पुढे-मागे हलवून लॉस किती वेगाने बदलतो त्याच्याशी उत्तर ताडून बघ. जुळलं, तर साखळी नियम आणि मॅट्रिक्सचे आकार कामापुरते आले समज. आयगेनव्हॅल्यूंची जाडजूड पुस्तकं नंतर, गरज पडली तर.

टायटॅनिकमध्ये यातलं काहीच अडखळवत नाही, म्हणून तो प्रोजेक्ट बघून मुलाखत घेणाऱ्याला तुझ्याबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी नासाचा विमानाच्या इंजिनांचा `C-MAPSS` डेटा घे. त्यातल्या `FD001` मध्ये शिकवणीसाठी 100 इंजिनं आहेत, 21 सेन्सर, आणि प्रत्येक इंजिन बिघडेपर्यंत चालवलेलं (सिम्युलेशनमध्ये). आधी मुद्दाम माझ्यासारखी नोंदींची चुकीची वाटणी कर, मग इंजिनांनुसार कर, आणि दोन्ही आकडे शेजारी मांड. इशारा किती आधी आला तर खऱ्या कारखान्यात कामाचा, हे तूच ठरव आणि लिहून ठेव. मग ते मॉडेल तुझ्या जावा सेवेमागे उभं कर, सेन्सरने रिकामी किंमत पाठवली तर काय होतं तेही बघ. तिथे तुझी सहा वर्षं दिसतील.

माझ्या मुलाखतीत न्यूरल नेटवर्कवर एकच प्रश्न होता. उरलेला पाऊण तास "टेस्टचा डेटा कसा वेगळा काढलास?" यावरच गेला.