दादाचं व्हाउचर आणि त्याचं ‘बघू’

मावशी, दादाच्या पन्नाशीला मी १८ मे रोजी कामशेतच्या पॅराग्लायडिंगचं व्हाउचर घेतलं. मुदत सहा महिने. आता ऑक्टोबर उजाडला. फोन केला की म्हणतात, शनिवार-रविवार फुल आहे. दादा नुसतं ‘बघू’ म्हणतो. त्याला माझ्या भेटीची किंमतच नाही का? — धाकटी बहीण

अगं, किंमत नाही असं लगेच मनात आणू नकोस. आधी त्या सहा महिन्यांचा हिशेब बघ. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, कामशेतला उड्डाणं बंद असतात. मुदतीतले चार महिने तिथेच गेले. उरले मेचे शेवटचे काही दिवस आणि १ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर. त्यात जेमतेम सात शनिवार-रविवार, आणि दिवाळीही त्यातच. शिवाय वारा बरोबर नसला तर टेकडीवर जाऊनही परत यावं लागतं. म्हणजे एक जादा दिवस हाताशी हवाच.

म्हणून आजच कंपनीला ईमेल कर, फोन नको. व्हाउचर नंबर, कोणत्या तारखांना फोन केलास आणि काय उत्तर मिळालं, हे लिही. चार महिने सेवाच बंद होती, तेवढी मुदत वाढवून द्या, असं स्पष्ट माग. मुदत संपण्याआधी मागणं महत्त्वाचं, कारण नंतर तुझी बाजू लंगडी पडते. १८ नोव्हेंबरपर्यंत नुसतं बुकिंग करायचं की उड्डाणही व्हायला हवं, हेसुद्धा लेखी विचार. बँकेच्या गिफ्ट कार्डाला किमान वर्षभर मुदत द्यावी लागते, पण कंपनीने फक्त स्वतःच्या सेवेसाठी काढलेल्या व्हाउचरला तो नियम लागत नाही. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

आता दादा. पायलटसोबत उडतानाही उतारावर चार पावलं पळावं लागतं, आणि वजनाची मर्यादा असते. पन्नाशीतल्या माणसाचा गुडघा दुखत असेल, वजन जास्त असेल किंवा उंचीची भीती वाटत असेल, तर तो धाकट्या बहिणीसमोर ते कबूल करणार नाही. ‘बघू’ म्हणेल. माझ्या वडिलांना मी असंच एक व्हाउचर दिलं होतं. ते मुदत संपल्यावर कपाटात सापडलं, तेव्हा कळलं की त्यांना ते नकोच होतं. मला फार वाईट वाटलं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

तेव्हा दादाला एकट्याला गाठ आणि विचार, ‘दादा, तुला खरंच उडायचंय का? नसेल तर भाच्याला पाठवते, तुला दुसरं काहीतरी देते.’ नाव बदलता येतं का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून ठेव. तो हो म्हणाला तर बुकिंग त्याच्यावर सोडू नकोस. मंगळवार-बुधवारची सकाळ माग, आठवड्याच्या मधल्या वारी जागा मिळायची शक्यता जास्त. त्याला त्या दिवशी रजा टाकायला सांग आणि तूही सोबत जा.