घोस्टमध्ये पहिलं अक्षर ‘जे’ का घ्यावं

प्रश्न: घोस्ट खेळताना शब्द पुरा करायची वेळ दरवेळी माझ्यावरच येते. समोरच्याला अडकवायचं कसं?

घोस्टमध्ये खेळाडू आळीपाळीने एकेक इंग्रजी अक्षर जोडत शब्दाकडे जातात, आणि ज्याच्या अक्षराने शब्द पुरा होतो तो फसतो. दोघंच खेळत असाल तर शब्द आठवत बसण्यापेक्षा त्यांची अक्षरं मोजा. पहिलं, तिसरं, पाचवं अक्षर सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला येतं, तर दुसरं, चौथं, सहावं समोरच्याच्या. म्हणून चार किंवा सहा अक्षरी शब्दात दुसरा फसतो, पाच किंवा सात अक्षरीत पहिला. (चारपेक्षा लहान शब्द धरायचे नाहीत, हा नेहमीचा नियम इथे धरलाय.) पुढे जाणारी प्रत्येक वाट समोरच्यावरच संपेल अशी जागा गाठली, की तो अडकला.

सुरुवात तुमची असेल तर ‘जे’ म्हणा. पुढे साधारणपणे स्वरच येतो, आणि पाचही स्वरांवर तोड आहे. त्याने ‘ए’ म्हटलं तर तुम्ही ‘झेड’. आता जॅझशिवाय दुसरं काही सुचणं कठीण, आणि त्याचं चौथं अक्षर त्याचं. जॅझपासून झालेले लांब शब्द त्याच्या कामाचे नाहीत, कारण तिथे पोचायच्या आधीच जॅझ पुरा होतो. त्याने ‘ई’ म्हटलं तर तुम्हीही ‘ई’ म्हणा. मग जीप घ्या नाहीतर जीअर, दोन्ही चार अक्षरीच. ‘आय’वर ‘व्ही’, म्हणजे जाइव्ह. ‘ओ’वर ‘के’, म्हणजे जोक. ‘यू’वरही ‘के’, म्हणजे ज्यूक. हुशार खेळाडू जोक टाळायला चौथं अक्षर ‘आय’ देईल आणि जोकिंगकडे वळेल. बिनधास्त ‘एन’ म्हणा. जोकिंगची अक्षरं सहा, त्यामुळे शेवटचा ‘जी’ पुन्हा त्याच्याच गळ्यात. जाइव्हिंगचंही तसंच.

दुसरे असाल तर पाच अक्षरी शब्द शोधायचे. पहिल्याने ‘एल’ म्हटलं की तुम्हीही ‘एल’ म्हणा. त्याला ‘ए’ द्यावाच लागतो, तुम्ही ‘एम’ द्या, आणि लामाचा शेवटचा ‘ए’ त्याचा.

अडकलेला माणूस सहसा थाप मारतो, म्हणजे मनात शब्द नसताना भलतंच अक्षर पुढे करतो. तिथे दया दाखवू नका, लगेच शब्द विचारा. सांगता आला नाही तर घोस्टमधलं एक अक्षर त्याच्या नावावर, आणि पाचही अक्षरं जमली की तो बाद. पण त्याने खरा शब्द सांगितला तर ते अक्षर तुम्हाला लागतं. म्हणून कुठला शब्दकोश मानायचा हे बसण्याआधीच ठरवा, कारण ‘जे’चा सापळा रोजच्या शब्दांवर चालतो. तीन जण असतील तर सम-विषमाचा हा हिशेब कोलमडतो. मग आपल्यापर्यंत पाळी कधी येते ते तिनाच्या पाढ्याने मोजावं लागतं, आणि मधला खेळाडू मुद्दाम वाट बदलू शकतो.

आणि समोर मराठी माणूस असेल तर जपून. ‘जे’वर तो ‘एन’ म्हणाला, तर त्याच्या डोक्यात आपला ‘ज्ञान’ हा शब्द आहे. मोठ्या इंग्रजी कोशांत तो जे-एन-ए-एन-ए असा पाच अक्षरांत सापडतो, आणि पाचवं अक्षर तुमचं असतं.