साधी सर्दी आणि बारा दिवसांचं बाळ

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी कोथरूडला मैत्रिणीच्या बाळाचं बारसं आहे, बुधवारपासून नाक गळतंय पण ताप नाही, तर जाऊ का, असं तू विचारलंस. जाऊ नकोस.

तुझी सर्दी किती साधी आहे यावरून तो विषाणू कोणता, हे कळत नाही. आरएसव्ही नावाचा विषाणू मोठ्या माणसाला नुसत्या शिंका देतो, तान्ह्या बाळात मात्र फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरू शकतो. त्या मुळातच इतक्या अरुंद असतात, की थोडी सूज आणि चिकट कफ आला तरी हवेची वाट अडते. त्यात बाळ या वयात मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की त्याला धड दूधही ओढता येत नाही.

आता दिवस मोज. बुधवार पहिला, तर रविवार पाचवा. आरएसव्ही साधारण आठव्या दिवसापर्यंत दुसऱ्याला लागू शकतो. पुढचा रविवार बारावा दिवस. तोवर नाक, शिंका, खोकला सगळं थांबलं असेल तर जा. सर्दीची गोळी घेऊन जायचा विचार मात्र करू नकोस. गोळीने नाक सुकतं, विषाणू तिथेच राहतो. दमेकरी आजीकडे जायचं असेल तरी हाच हिशोब.

अळीवाचे लाडू या रविवारी दुसऱ्या कुणाच्या हाती पाठव, पण डबा तू भरू नकोस. नाक पुसलेला हात डब्याला, डब्यावरून आईच्या हाताला आणि तिथून बाळाच्या डोळ्या-नाकाला, अशी सर्दी हातोहातही जाते. अंगडं-टोपडं दिलंस तर धुऊनच घालायला सांग.

पुढच्या रविवारी गेलास की आधी अंगठी काढून मनगटापर्यंत साबणाने 20 सेकंद हात धू. बाळाचा पापा घेऊ नकोस. ओठावर पाण्याची फोडं आली असतील तर जवळही जाऊ नकोस. ती नागिणीच्या जातीच्या, हर्पिस नावाच्या विषाणूची असतात आणि नवजाताच्या जिवावर बेतू शकतात.

त्या घरी तू आधीच जाऊन आला असशील, तर संकोच न करता बाळाच्या आईला आजच फोन कर. पुढचे आठ दिवस तिने लक्ष ठेवायचं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे आणि तेवढेच आले, श्वासासरशी छातीची खालची बाजू आत ओढली गेली, बाळाचं दूध पिणं निम्म्यावर आलं किंवा ताप 100.4 अंशांवर गेला, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. श्वास मध्येच थांबला किंवा ओठ निळे पडले तर क्षणभरही थांबायचं नाही. काही बाळांना खोकला येतच नाही, म्हणून खोकल्याची वाट पाहू नये. आणि ओव्याची धुरी नको; धुराने श्वासाच्या त्या बारीक नळ्या आणखी आवळतात.

तुझी,
मावशी